कोशाच्या पदराची सळसळ

प्रश्न : आंधळगावात (ता. मोहाडी) कोसा विणणाऱ्या आजींची मुलाखत कॉलर माइकवर घेतली. अंगावर कोशाचीच साडी! सळसळ आणि मधेच ‘धप्प’ असे आवाज आलेत. ऑडॅसिटीत Noise Reduction वापरलं, तर आजींचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला.

उत्तर : ते साधन पंख्याच्या घरघरीसारख्या सतत, एकसारख्या आवाजासाठी आहे. सळसळ क्षणाक्षणाला बदलते, म्हणून तिथे ते चुकतं. मूळ फाइलच्या प्रतीवर पुन्हा सुरुवात करा.

‘धप्प’ म्हणजे माइकला किंवा वायरला लागलेला धक्का. त्याचा जोर बहुतेक खालच्या पट्टीत असतो. High-Pass Filter 100 Hz वर, 24 dB उताराने लावा. बाईंचा आवाज साधारणपणे त्याच्या वरच असतो, त्यामुळे तो पातळ होत नाही.

सळसळ मात्र हातानेच काढावी लागते. ट्रॅक Spectrogram मध्ये पाहा; ती उभ्या, विस्कटलेल्या रेघांसारखी दिसते. दोन वाक्यांमधली सळसळ निवडून Amplify ने -12 dB करा. पूर्ण गप्प करू नका, तिथे खड्डा पडल्यासारखं ऐकू येतं. शब्दावरच आलेली सळसळ ‘स’, ‘श’च्याच पट्टीत असते. ती कापत गेलात की आजी बोबड्या वाटू लागतील. तसं होताच एक पायरी मागे या. उरेल ती राहू द्या. कोशाच्या मुलाखतीत थोडा कोसा वाजला तर मला तरी खटकत नाही.

पुढच्या वेळी माइक पदराखाली नको, ब्लाउजच्या काठाला लावा. वायरला क्लिपजवळ छोटा वळसा देऊन चिकटपट्टीने धरा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचणार नाही.