नवी योजना व खात्याच्या यशाचें माप

ज्या शेतकरी संस्थेंत एकाहून अधिक खातीं चालतात, तिच्या कार्यकारी मंडळापुढें वर्षअखेर एक प्रश्न हटकून येतो : कोणतें खातें चांगलें चाललें ? नुसत्या नफ्यावरून याचें उत्तर देतां येत नाहीं. कारण एका खात्याच्या हातीं भांडवल थोडें असतें, तर दुसऱ्याच्या हातीं पुष्कळ. म्हणून नफ्यास भांडवलानें भागून त्याचा शेंकडा काढण्याची रीत पडली. अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनींत डोनाल्डसन ब्राउन यांनीं १९१० च्या दशकांत तिला व्यवस्थित रूप दिलें. या शेंकड्यास आपण भांडवलावरील परतावा म्हणूं. झालेल्या वर्षाचा हिशेब पाहण्यास ही रीत सोयीची आहे. पण याच मापावर व्यवस्थापकाचें बक्षीस ठरूं लागलें, आणि नवी योजना पत्करावी कीं नाहीं हेंही तोच ठरवूं लागला, म्हणजे ती दगा देते. तो कसा, हें एका कल्पित उदाहरणानें पाहूं.

समजा, एका संस्थेचीं दोन खातीं आहेत. डाळगिरणीच्या खात्यांत ४० लक्ष रुपये गुंतलेले आहेत व त्यास वर्षास १० लक्ष नफा होतो. परतावा शेंकडा २५. शीतगृहाच्या खात्यांत ६० लक्ष गुंतलेले असून नफा ६ लक्ष. परतावा शेंकडा १०. येथें नफा म्हणजे घसारा वजा करून, पण व्याज वजा न करतां उरलेली रक्कम, असें समजावें. संस्थेस बँकेचें कर्ज, सभासदांच्या ठेवी व भागभांडवल हीं सर्व मिळून पैसा शेंकडा १३ नें पडतो. भागभांडवल फुकट आहे असें मानण्याची चूक पुष्कळ ठिकाणीं होते. सभासदानें तो पैसा दुसरीकडे लावला असता तर त्यास कांहीं मिळालेंच असतें.

आतां डाळगिरणींत रंगावरून खराब दाणा वेगळा काढणारें यंत्र, ज्यास गिरणीवाले सॉर्टेक्स म्हणतात, तें बसवावें अशी सूचना येते. खर्च १० लक्ष, वर्षास वाढणारा नफा १ लक्ष ८० हजार, म्हणजे शेंकडा १८. तेरा टक्क्यांचा पैसा अठरा टक्के मिळवितो. संस्थेच्या दृष्टीनें योजना उघड फायद्याची आहे. पण व्यवस्थापक आपल्या खात्याचा हिशेब मांडतो : नफा ११ लक्ष ८० हजार, भांडवल ५० लक्ष, परतावा शेंकडा २३.६. काल पंचवीस होता, उद्यां साडेतेवीसच्या आसपास येणार ! तो यंत्र नाकारतो. निमित्त जागेच्या अडचणीचें किंवा विजेच्या भाराचें सांगितलें जातें, आणि सभासदाची तूर निवड न झालेल्या डाळीच्या भावानेंच विकली जाते.

शीतगृहांत याच्या उलट घडतें. तेथें बेदाणा ठेवण्यास आणखी एक दालन बांधण्याची योजना निघते. खर्च १० लक्ष, नफा १ लक्ष १० हजार, म्हणजे शेंकडा ११. तेरा टक्क्यांनीं पैसा घेऊन अकरा मिळविण्याचा हा व्यवहार संस्थेस तोट्याचा आहे. पण खात्याचा परतावा दहावरून १०.१ वर चढतो, म्हणून तेथील व्यवस्थापक दालनाचा आग्रह धरतो. चांगलें खातें चांगली योजना टाकून देतें आणि मंद खातें वाईट योजना उचलतें. दोघांपैकीं कोणीही अप्रामाणिक नाहीं. प्रत्येकजण आपल्या आजच्या सरासरीशीं योजनेची तुलना करतो, पैशाच्या खऱ्या किंमतीशीं करीत नाहीं.

यावर उपाय म्हणून शेष उत्पन्नाची रीत पुढें आली. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीनें १९५० च्या दशकांत ती वापरली होती. खात्याच्या नफ्यांतून त्याच्या भांडवलावरील व्याज, आपल्या उदाहरणांत शेंकडा १३ प्रमाणें, वजा करावें. उरेल तें शेष उत्पन्न. डाळगिरणीचें आजचें व्याज ५ लक्ष २० हजार, म्हणून शेष ४ लक्ष ८० हजार. यंत्र घेतल्यावर नफा ११ लक्ष ८० हजार, व्याज ६ लक्ष ५० हजार, शेष ५ लक्ष ३० हजार. पन्नास हजारांनीं वाढलें. व्यवस्थापक यंत्र आनंदानें घेईल. शीतगृहाचें शेष आज उणे १ लक्ष ८० हजार आहे, दालनानंतर तें उणे २ लक्ष होतें. म्हणून तो आग्रह सोडील. मात्र शेष उत्पन्नाच्या रकमेवरून लहान व मोठ्या खात्यांची तुलना करूं नये. मोठ्या खात्याचें शेष नुसत्या आकारानेंच मोठें दिसूं शकतें. त्या खात्याचेंच गेल्या वर्षाचें शेष शेजारीं ठेवून पाहावें.

येथेंच लेख संपविला तर वाचकांची फसवणूक होईल; कारण शेष उत्पन्नाच्या रीतींतही एक खांच आहे, व ती घसाऱ्याची आहे. वरील उदाहरणांत आपण एकाच वर्षाकडे पाहिलें. आतां दुसरें एक यंत्र घेऊं : किंमत १० लक्ष, आयुष्य पांच वर्षें, दरवर्षीं रोख ३ लक्षांची प्राप्ति, शेवटीं मोडीची किंमत शून्य. तेरा टक्क्यांनीं या पांच वर्षांच्या प्राप्तीची आजची किंमत १० लक्ष ५५ हजार भरते. म्हणजे योजना पंचावन्न हजारांनीं फायद्याची. पण पुस्तकांत दरवर्षीं सारखा २ लक्ष घसारा पडतो व नफा १ लक्षच दिसतो. पहिल्या वर्षीं दहा लक्षांवर व्याज १ लक्ष ३० हजार; शेष उणे ३० हजार. दुसऱ्या वर्षीं भांडवल घसाऱ्यानें आठ लक्षांवर येतें, तरी शेष उणे ४ हजार. तिसऱ्या वर्षीं कोठें २२ हजार अधिक होतें, मग ४८ हजार, मग ७४ हजार.

दोन वर्षांनीं ज्याची बदली व्हावयाची आहे, तो व्यवस्थापक हें यंत्र कां घेईल ? दोन्ही वर्षांची उणीव त्याच्या नांवें आणि फळ त्याच्यामागून येणाऱ्याच्या पदरीं. परताव्याच्या मापानें हाच देखावा अधिक विपरीत दिसतो : पहिल्या वर्षीं शेंकडा १०, पांचव्या वर्षीं शेंकडा ५०, कारण तोंवर पुस्तकांत यंत्राची किंमत दोनच लक्ष उरलेली असते. अशा खात्याचा परतावा वर्षानुवर्षें चढत असेल आणि नवी खरेदी कांहींच दिसत नसेल, तर मंडळानें आनंद मानण्यापूर्वीं यंत्रघरांत जाऊन यावें. पुष्कळदां तेथें झिजलेलें यंत्र तारेनें बांधून चालविलेलें आढळतें.

ही खांच बुजविण्यासाठीं घसारा सारखा न ठेवतां, व्याज व घसारा यांची बेरीज दरवर्षीं सारखी राहील असा मांडतात. कर्जाच्या समान हप्त्यांत आरंभीं व्याज जास्त व मुद्दल कमी असतें, तसेंच हें. आपल्या यंत्रास हा वार्षिक बोजा सुमारें २ लक्ष ८४ हजार ३०० येतो. पहिल्या वर्षीं त्यांत व्याज १ लक्ष ३० हजार व घसारा सुमारें १ लक्ष ५४ हजार. मग पांचही वर्षें शेष उत्पन्न सारखेंच, सुमारें १५ हजार ७०० अधिक येतें, आणि योजनेचा चांगुलपणा पहिल्याच वर्षीं दिसतो. प्राप्ति दरवर्षीं सारखी असली तरच हें इतकें सरळ जमतें. डाळीच्या धंद्यांत तूर एका वर्षीं भरपूर येते व दुसऱ्या वर्षीं गिरणी अर्धी रिकामी राहते. तेव्हां अशा हिशेबासही सोडचिठ्ठी द्यावी लागते.

लेखापरीक्षणाच्या ताळेबंदांत घसारा नियमाप्रमाणेंच पडतो. वरील मांडणी केवळ मंडळाच्या अंतर्गत टिपणांत ठेवावयाची आहे. लहान संस्थेस ती जड वाटल्यास दुसरा मार्ग आहे. योजना मंजूर करतांना व्यवस्थापकाकडून पूर्ण आयुष्याचें वर्षवार रोख प्राप्तीचें पत्रक घ्यावें, तें दप्तरीं ठेवावें, आणि पहिल्या दोन वर्षांत त्याच्या कामाची पारख त्या पत्रकांतील त्या त्या वर्षाच्या आंकड्याशींच करावी. बदली झाली तरी पत्रक बदलूं नये. नव्या व्यवस्थापकानें तेंच पुढें चालवावें.