मंद दृष्टीच्या वाचकांसाठी मननपुस्तिका

आपल्या मंडळीतील वृद्धांसाठी महिनाभराची मननपुस्तिका मोठ्या अक्षरांत छापावयाची आहे, असे समजा. पुष्कळदा केवळ अक्षर मोठे केले जाते आणि ओळी पूर्वीइतक्याच दाट ठेवल्या जातात. देवनागरीत हे बाधते. आपल्या लिपीत वेलांटी, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली असतात. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारास भिडतो. अनुस्वार न दिसल्यास ‘त्यांचा’चे ‘त्याचा’ होते. अक्षर पुसट असल्यास ‘भरण’ हे ‘मरण’ वाचले जाते.

म्हणून अक्षर 18 पॉइंटचे, मध्यम जाडीचे घ्यावे. फार ठळक अक्षरांतील पोकळ्या शाईने भरतात. तिरपे अक्षर तर टाळावेच. एका शिरोरेषेपासून पुढील शिरोरेषेपर्यंत 28 पॉइंट, म्हणजे सुमारे 10 मिलिमीटर अंतर ठेवावे. उजवी कड सरळ करण्यासाठी शब्द ताणू नयेत.

आता हिशेब पाहू. पान 148 × 210 मिलिमीटरचे आहे आणि चहूकडे 18 मिलिमीटर समास सोडला आहे. अशा पानावर 17 ओळी बसतात. ओळीत सुमारे 6 शब्द धरले, तर पानावर शंभर शब्द होतात. समोरासमोरच्या दोन पानांवर एक मनन ठेवले, तर शीर्षक व वचन वजा जाता लेखनास सुमारे 150 शब्द उरतात. नेहमीचे अडीचशे शब्दांचे मनन येथे मावत नाही. अशा वेळी अक्षर लहान करण्याचा मोह होतो. तसे न करता मनन नव्याने, आटोपशीर लिहावे. शास्त्रवचनाला मात्र कात्री लावू नये. एकच लहान वचन निवडावे.

पहिले पान शीर्षकाचे, पान 2 ते 63 एकतीस मननांची आणि पान 64 कोरे, अशी रचना केल्यास मननाच्या मध्येच पान उलटावे लागत नाही. चौसष्ट पानांना दुमडलेले 16 कागद पुरतात. त्यांना मधोमध पिना माराव्यात. कण्याला गोंद लावलेली पुस्तिका सपाट उघडी राहत नाही. ती दोन्ही हातांनी धरावी लागते, मग भिंग कोणत्या हातात धरावे? कागद बिनचकाकीचा, किंचित पिवळसर असावा. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप येते आणि मोतीबिंदू असलेल्यास तिचा अधिकच त्रास होतो. पातळ कागदही नको. मागची छपाई पुढे दिसते.

छपाईपूर्वी एक मनन त्याच कागदावर काढून एखाद्या आजीला संध्याकाळी, त्यांच्याच चष्म्याने व त्यांच्याच दिव्याखाली मोठ्याने वाचावयास सांगावे. त्या तीच ओळ पुन्हा वाचू लागल्या, तर ओळींतील अंतर कमी आहे. जोडाक्षरांवर अडल्या, तर टंक बदलावा. पानाच्या मध्यभागाचेच अक्षर त्यांना दिसत नसेल, तर दोष बहुधा दृष्टिपटलाचा असतो. तेथे मोठे अक्षर पुरे पडेलच असे नाही. त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, आणि तोवर ते मनन आपण वाचून दाखवावे.