सांजेची हाक: माळरानावर ऐकून शिकलेल्या पाच गोष्टी

सुपे, मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूरकडच्या माळांवर लांडगे आणि कोल्हे ऐकायला मी अनेक वर्षं जातो. प्राणी दिसतो क्वचित. ऐकू मात्र पुष्कळ येतो. दिवस मावळताना हे प्राणी गळा का काढतात आणि त्यातून शेजारच्या टोळीला काय कळतं, याबद्दल जे समजलं ते इथे मांडतो.

१. सांज निवडण्यामागे पोट आहे आणि हवाही आहे.

लांडगे आणि कोल्हे उन्हाचा वेळ ओढ्याच्या कडेला, झुडपांत किंवा उसात पडून काढतात. दिवस कलला की उठतात, अंग ताणतात, एकमेकांना हुंगतात आणि शिकारीला निघण्याआधी सूर लावतात. त्याच सुमारास हवाही त्यांच्या कामाची होते. दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते. गरम हवेत आवाज वेगानं जातो, त्यामुळे तो वर वळतो आणि दूरच्या कानापर्यंत पोचत नाही. सूर्य मावळल्यावर निरभ्र आकाशाखाली जमीन झपाट्यानं निवते, खालची हवा थंड होते, वारा पडतो. मग तोच आवाज वर न जाता जमिनीकडे वळतो आणि कितीतरी लांब जातो. म्हणून ढगाळ किंवा वाऱ्याच्या संध्याकाळी काही ऐकू आलं नाही, तर प्राणी गप्प होते असं मी लिहीत नाही. कदाचित त्यांनी हाक दिली असेल, माझ्यापर्यंत आली नसेल.

२. आधी हाक कोणाची ते ठरवा.

लांडग्याचा सूर लांब, खालचा आणि बराचसा सपाट असतो. एकच हेल काही सेकंद टिकतो. महाराष्ट्रातल्या लांडग्यांचे आवाज नोंदवून सौगत साधुखान, लॉरेन हेनेली आणि बिलाल हबीब यांनी २०१९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या हेलांची सरासरी मूळ कंप्रता सुमारे ४२२ हर्ट्झ निघाली. खालच्या पट्टीचा आवाज हवेत कमी शोषला जातो, म्हणून लांबच्या निरोपाला ही पट्टी सोयीची. कोल्हेकुई वेगळी. एक कोल्हा चढत्या स्वरात सुरुवात करतो, जोडीदार त्यात मिसळतो, मग वयात आलेली पिल्लं येतात आणि शेवटी सगळ्यांची तुटक, उंच किंचाळी होते. साखर कारखान्याच्या भोंग्यालाही कोल्हे ओ देतात. लांब ओढलेला, चढता आवाज त्यांना पुरतो. म्हणून हाक नोंदवताना तिच्याआधी भोंगा किंवा रुग्णवाहिकेचा सायरन वाजला होता का, हेही लिहून ठेवावं.

३. पहिला श्रोता घरचाच असतो.

माळावर पांगलेली टोळी हाकेनं एकत्र येते, आणि कोण हरवलंय त्यावर हाक ठरते. ऑस्ट्रियातल्या लांडगा संशोधन केंद्रात टोळीतल्या एकेका लांडग्याला बाहेर फिरायला नेलं आणि मागे राहिलेले किती हाका देतात ते मोजलं. हा अभ्यास २०१३ मध्ये आला. टोळीतला वरच्या मानाचा लांडगा गेला की हाका वाढत, आणि हाक देणाऱ्याचा सर्वांत जवळचा सोबती गेला तर आणखी वाढत. लाळेतल्या ताणाच्या संप्रेरकावरून मात्र हा फरक उलगडत नव्हता. म्हणजे ती नुसती घाबरून मारलेली हाक नव्हती, नेमक्या सोबत्याला घातलेली साद होती. तेव्हापासून माळावर एकटा, पुन्हा पुन्हा येणारा आणि मध्ये थांबणारा हेल ऐकला की दुसऱ्या बाजूनं ओ येते का, याकडे मी लक्ष देतो.

४. शेजाऱ्याला कळतं: आम्ही इथे आहोत, आत्ता आहोत.

लांडगे मूत्रानं आणि पंजांनी जमीन उकरून हद्द आखतात. पण वास सांगतो, की कोणीतरी इथून गेलं होतं. हाक सांगते, की टोळी या क्षणी अमुक ठिकाणी आहे. त्यामुळे दोन टोळ्यांना समोरासमोर न येता अंतर राखता येतं. अनोळखी लांडग्यांची गाठ पडली तर जीवही जातो, म्हणून हे अंतर मोलाचं.

याचा नीट उलगडा फ्रेड हॅरिंग्टन आणि डेव्हिड मेक यांनी १९७० च्या दशकात मिनेसोटाच्या जंगलात केला. रेडिओ पट्टे लावलेल्या लांडग्यांच्या जवळ जाऊन ते स्वतः लांडग्यासारखा सूर काढत आणि पुढे काय होतं ते पट्ट्यांच्या संकेतांवरून पाहत. ज्या टोळीजवळ ताजी शिकार होती, ती जास्त वेळा उत्तर देई. मोठी टोळी लहान टोळीपेक्षा अधिक बोलकी. एकटा फिरणारा लांडगा सहसा गप्प राही, कारण परक्या हद्दीत आपला पत्ता देणं त्याला महागात पडू शकतं. उत्तर देणाऱ्या टोळ्या बहुधा जागेवरच थांबत. उत्तर न देणाऱ्या पुष्कळदा तिथून सरकत. म्हणजे सोडायला जड जाईल असं काही जवळ असेल तर टोळी ओरडून जागा धरते. नसेल तर गुपचूप बाजूला होते.

आपल्या माळावर मी हेच लहान प्रमाणात कोल्ह्यांमध्ये ऐकलं आहे. एका हिवाळी संध्याकाळी ओढ्याकडच्या जोडीनं कुई सुरू केली. ती संपता संपता उसाच्या फडातून दुसरी टोळी उठली, मग पश्चिमेच्या टेकाडावरून तिसरी. त्यानंतर कोणीच कोणाकडे गेलं नाही. तीन घरांनी आपापली जागा सांगितली आणि सगळे भक्ष्य शोधायला पांगले. पुढेही त्या तीन हाका त्याच दिशांनी येत राहिल्या.

५. आवाजावरून डोकी मोजू नका, आणि उत्तर मिळावं म्हणून हाक देऊ नका.

दोन कोल्हे दहांसारखे वाटतात. टोळीतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या सुराला आपला सूर जुळू देत नाही. स्वर वरखाली होतात, त्यात टेकडीचा प्रतिध्वनी मिसळतो. यामुळे ऐकणाऱ्या शेजाऱ्यालाही टोळी मोठी भासत असावी, असा हॅरिंग्टन यांचा तर्क आहे. मेंढपाळाच्या वाड्यावर सकाळी ‘रात्री पंधरा होते’ असं ऐकलं, तर मी ‘एक टोळी’ एवढंच लिहितो.

जागा मात्र नेमकी काढता येते. दोघांनी सुमारे किलोमीटरभर अंतरावर बसायचं, घड्याळं जुळवायची. हाक आली की दोघांनी वेळ आणि होकायंत्रावरची दिशा लिहायची. नकाशावर दोन रेषा काढल्या की त्या छेदतात तिथे टोळी. रेषा एकमेकींना फार तिरक्या छेदत असतील, तर चूक मोठी होते. अशी नोंद मी बाजूला ठेवतो.

स्पीकरवर हाक वाजवली की उत्तर लवकर मिळतं, पण टोळीला आपला पत्ता उघड करावा लागतो. इथे हिवाळ्यात लांडग्यांची पिल्लं बिळात असतात, आणि ऐकणाऱ्यांत मेंढरं गमावून संतापलेला माणूसही असू शकतो. वर पाहिलंच, की गप्प राहण्याचा निर्णय टोळी आपल्या स्थितीवरून घेते. तो निर्णय तिचा तिलाच घेऊ द्यावा. आपण दिशा, वेळ, वारा आणि ढग लिहावेत, आणि उत्तर आलं नाही तर तेही त्याच रकान्यात लिहावं.