सुकूकच्या कागदांत काय शोधावं

शारजा-दुबईकडे हिशेबाच्या नोकरीत सुकूकची, म्हणजे इस्लामी रोख्यांची, माहितीपत्रकं वाचण्याचं काम वाट्याला आलं. त्यातून बसलेले हे काही ठोकताळे.

१. मालकी कसली, ते आधी बघा. बाँड हे सरळ कर्ज असतं. शरीयतला व्याज मंजूर नाही, म्हणून सुकूकधारकाला एखाद्या मालमत्तेत किंवा धंद्यात हिस्सा देतात आणि परतावा भाड्यातून किंवा नफ्यातून येतो. ब्रिटन सरकारने २०१४ मध्ये २० कोटी पौंडांचे सुकूक काढले, ते तीन सरकारी इमारतींच्या भाड्यावर. मात्र भाड्याचा दर ठरला २.०३६ टक्के, तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जुळवून. इमारत कुठे आहे, तिथे भाडं काय चालतं, याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

२. शेवटी हिस्सा कोण घेणार आणि कितीला, हे कलम सापडेपर्यंत वाचत राहा. खरी मेख इथेच आहे. समजा, मुदारबा पद्धतीत, म्हणजे पैसा तुमचा आणि व्यवस्थापन कंपनीचं अशा भागीदारीत, तुम्ही शंभर रुपये धंद्यात घातले. भागीदारी खरी असेल तर मुदतीअखेर धंद्याची किंमत सत्तर झाल्यावर तुम्हाला सत्तरच मिळायला हवेत. पण कंपनीने आधीच लिहून दिलेलं असतं, की तुमचा हिस्सा आम्ही शंभरालाच विकत घेऊ. नफा ठरलेल्या दरापेक्षा जास्त झाला, तर वरची रक्कम व्यवस्थापकाला बक्षीस. कमी पडला, तर तो बिनव्याजी उसने देऊन भरपाई करणार. मग जोखीम उरली कुठे? पाकिस्तानचे विद्वान मुफ्ती तकी उस्मानी यांनी २००७ मध्ये नेमक्या याच तीन गोष्टींवर बोट ठेवलं. पाठोपाठ २००८ मध्ये बहरीनच्या ‘आओफी’ या मानक संस्थेने मुदारबा आणि मुशारका या भागीदारीच्या पद्धतींत दर्शनी किमतीच्या खरेदीची हमी नाकारली. इजारा, म्हणजे भाडेपट्ट्यावरच्या सुकूकना मात्र सवलत राहिली. ती मला आजही पटत नाही.

३. मालमत्ता दाखवली म्हणजे ती तारण आहे, असं धरू नका. बहुतेक सुकूकमध्ये पैसे थकले तरी ती जप्त करून विकता येत नाही. दावा लावायचा तो कंपनीच्या खरेदीच्या वचनावर.

४. कुठल्या कलमाला कुठल्या देशाचा कायदा, हेही तपासा. शारजाच्या दाना गॅसने जून २०१७ मध्ये जाहीर केलं, की आपलेच सुमारे ७० कोटी डॉलरचे सुकूक शरीयतला धरून नाहीत, म्हणून अमिरातीच्या कायद्याने ते बेकायदा ठरतात. मुदारबाचा करार अमिरातीच्या कायद्याखाली होता, खरेदीचं वचन मात्र इंग्लिश कायद्याखाली. लंडनच्या हायकोर्टाने नोव्हेंबरमध्ये ते वचन वैध आणि बंधनकारक ठरवलं. शरीयतचा प्रश्न तिथे निर्णायक ठरलाच नाही. पुढच्या वर्षी कंपनीने धारकांशी तडजोड केली.