चार वर्तुळं आणि जामखेडच्या बायका

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मुलं करिअरबद्दल विचारायला येतात, तेव्हा बरेचदा इकिगाईचं चित्र वहीत काढूनच आणतात. आवड, कौशल्य, पैसा आणि जगाची गरज अशी चार वर्तुळं असतात आणि मध्ये जिथे ती एकमेकांवर येतात तिथे प्रश्नचिन्ह. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मुलांसोबत ही वर्तुळं भरताना जे कळत गेलं, ते इथे मांडते.

१. चित्र कुठून आलं, हे मुलांना आधी सांगावं.

मूळ चित्र स्पेनमधल्या आंद्रेस सुसुनागा यांचं. त्याच्या मध्यभागी ‘प्रयोजन’ असा शब्द होता. २०१४ मध्ये मार्क विन यांनी तिथे ‘इकिगाई’ लिहिलं आणि तेच जगभर पसरलं. जपानमध्ये या विषयावरचं गाजलेलं पुस्तक मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंचं, १९६६ सालचं. त्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत काम करत. तिथल्या माणसांना नोकरी नव्हती, पगार नव्हता, तरी त्यांतल्या काहींना जगण्यात अर्थ सापडत होता आणि काहींना नाही. तो फरक कशाने पडतो, हा कामियांचा प्रश्न होता. हे ऐकलं की मुलांच्या खांद्यावरचं ओझं जरा उतरतं. जगण्याचा अर्थ आणि पोटापाण्याचा धंदा एकाच ठिकाणी सापडायलाच हवा, अशी सक्ती मुळात कुणी केलेली नाही.

२. आवड आणि कौशल्य आधी माहीत असतं, हे गृहीत धरू नये.

याचा सगळ्यांत भक्कम पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघं वेल्लोरला शिकलेले. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की बरे होऊन गेलेले रुग्ण टाळता येण्याजोगे तेच आजार घेऊन परत येतात. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० मध्ये त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

सुरुवातीला त्यांनी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका पाठवल्या. वर्तुळांच्या हिशेबाने ही निवड चोख होती. त्यांच्याकडे कौशल्य होतं, पगार होता आणि गावाला गरजही होती. तरी ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या एकट्या तरुण बाईला गावात राहणं अवघड जाई आणि गावातल्या बायकाही तिच्याशी मोकळं बोलत नसत. तेव्हा गावातल्याच बायका शिकवून तयार करायच्या, असं ठरलं. गावांनी ज्या बायका निवडल्या, त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्यांच्यापैकी एखादीला त्या वेळी चार वर्तुळं भरायला दिली असती, तर ‘मला काय येतं’ हे वर्तुळ तिने कोरंच ठेवलं असतं. आरोग्याच्या कामाची आवड असण्याचा तर प्रश्नच नव्हता. जे काम कधी पाहिलंच नाही, त्याची आवड असणार कुठून?

या बायका दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन गावात करून बघत. बाळंतपण, लहान मुलांची वजनं, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, हे सगळं त्या शिकल्या. १९७१ मध्ये या गावांत हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होते. १९७६ पर्यंत ते ५२ वर आले. हाताला काम आलं, त्यातून कौशल्य आलं, गावात शब्दाला किंमत आली आणि मग त्या कामाचा लळा लागला. आमची मुलं हाच क्रम उलटा लावून बसतात आणि आवड सापडेपर्यंत कामाला हात लावत नाहीत. म्हणून ‘तुझी आवड काय’ हे मी आता पहिल्या भेटीत विचारतच नाही. ‘गेल्या वर्षभरात कोणतं काम तू दुसऱ्यांदा, कुणी न सांगता केलंस’ असं विचारते. त्याचं उत्तर येतं.

३. गरज काय, हे ज्याची गरज आहे त्याला विचारावं.

‘जगाला काय हवं’ या वर्तुळात मुलं शिक्षण, पर्यावरण, आरोग्य असे मोठे शब्द लिहितात. आरोळे डॉक्टर असूनही गावातल्या बैठकांत लोकांनी त्यांच्यापुढे पाणी आणि अन्न मांडलं, औषध नाही. त्यांनी ते मान्य केलं आणि मुलांच्या जेवणापासून, पाण्यापासून सुरुवात केली. घरी बसून हे वर्तुळ भरता येत नाही. मी मुलांना तीन माणसांशी बोलून यायला सांगते. ‘कशाला पैसे मोजता आणि कशासाठी तालुक्याला हेलपाटे घालता?’ एवढंच विचारायचं.

४. पैशाच्या वर्तुळावर तारीख लिहावी.

चित्राची मोठी उणीव इथे आहे. त्यात पैसा मिळतो किंवा मिळत नाही एवढंच दिसतं. किती, कधीपासून, तोवर घर कोण चालवणार, हे दिसत नाही. जामखेडच्या त्या बायकांनाही आरोग्यसेविका म्हणून पगार नव्हता. पोटासाठी त्यांनी कर्ज काढून छोटे जोडधंदे केले, आरोग्याचं काम सेवेचं राहिलं. म्हणजे दोन वर्तुळं वेगळीच राहिली आणि तरी आयुष्य उभं राहिलं.

पारनेर तालुक्यातली एक मुलगी बीएस्सी करून आली होती. लहान मुलांना शिकवायला आवडतं, गणित पक्कं, शिक्षिकेला पगार मिळतो, गावच्या शाळेला शिक्षक हवा. चारही वर्तुळं जुळलेली. आम्ही त्यावर वर्षं मांडली. बीएडची दोन वर्षं. मग टीईटी. मग पवित्र पोर्टलच्या भरतीसाठी टेट. ही टेट २०१७ च्या डिसेंबरमध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ च्या फेब्रुवारीत. मधली पाच वर्षं तयार उमेदवारांनी वाट पाहिली. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, आणि २०२३ मध्ये वाढवल्यावर प्राथमिकचं मानधन महिना १६ हजार. घरी दीड एकर कांदा, धाकट्या भावाचं शिक्षण आणि वडिलांचं सोसायटीचं कर्ज. चित्रात यातलं काहीच नव्हतं.

तिने बेत सोडला नाही. बीएड चालू असताना दूध संकलन केंद्रावर सकाळची नोंदवही लिहायचं काम धरलं आणि संध्याकाळी सहावी-सातवीच्या गणिताची शिकवणी सुरू केली. दोन्ही मिळून घरात किती जाईल याचा आकडा तिने वडिलांसमोर मांडला. टेट किती वेळा द्यायची आणि कोणत्या वर्षी दुसरा रस्ता धरायचा, हेही तेव्हाच ठरवून वहीत लिहिलं. वडिलांचा विरोध त्या आकड्याने आणि त्या वर्षाने मावळला. आवडीची कितीही वर्णनं केली असती, तरी ते झालं नसतं.

५. वर्तुळं मी अजून वापरते, पण घरच्यांसोबत.

एकट्या मुलाने भरलेलं चित्र आणि आईसमोर बसून भरलेलं चित्र वेगळं निघतं. आपल्याकडे शेत, कर्ज, बहिणीचं लग्न, आजीचं औषधपाणी हे निर्णयात असतातच. चित्रात जागा नाही म्हणून मुलं ते लपवतात आणि मग वर्षभराने बेत मोडतो. त्यामुळे चार वर्तुळांच्या बाजूला मी एक साधा तक्ता आखायला लावते. पहिला पैसा कोणत्या महिन्यात, तोवर खर्च कुणाचा, आणि कोणती खूण दिसली की वाट बदलायची. तक्ता भरून झाल्यावर मग मुलांना परत वर्तुळांकडे वळवते. तेव्हा आवडीच्या वर्तुळात ‘समाजसेवा’ऐवजी ‘सातवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवणं’ असं काहीतरी लिहिलेलं सापडतं, आणि त्याच्याशी पुढे काम करता येतं.