पहिलटकरीण आणि बाळाची हालचाल

पहिलटकरणीला बाळाची हालचाल बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे पाचव्या महिन्यात जाणवते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असतात. बाळ त्याच्या बरेच आधी हलू लागलेले असते आणि तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत त्याचे हातपाय हलताना दिसतात, पण ते इतके लहान असते की आईला काही कळत नाही. सुरुवातीची जाणीवही लाथेची नसते. ओटीपोटात काहीतरी फडफडले, बुडबुडा फुटला, गॅस फिरला असे वाटते, आणि पहिल्या खेपेला ते बाळच आहे हे ओळखायला काही दिवस जातात. दुसऱ्या खेपेच्या बाईला हीच खूण ठाऊक असते, म्हणून तिला १६ आठवड्यांतही कळते. जाऊबाईंना चौथ्या महिन्यात कळले आणि आपल्याला अजून नाही, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते.

उशिरा जाणवण्याचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असणे. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये प्लासेंटा ‘अँटिरिअर’ असे लिहिलेले असते ते हेच. बाळ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये वार उशीसारखी येते आणि हलक्या लाथा तिच्यातच जिरतात. यात बाळाला धोका काही नाही, मात्र २८ आठवड्यांनंतर हालचाल कमी झाली तर ‘वार पुढे आहे म्हणून’ हे उत्तर चालत नाही. २४ आठवडे पूर्ण होऊनही काहीच जाणवले नसेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत न थांबता दाखवून यायला हवे.

पुढे हालचाल ३२ आठवड्यांपर्यंत वाढत जाते आणि मग साधारण तेवढीच राहते. प्रत्येक बाळाची एक रीत बसते. बहुतेक बाळे संध्याकाळी आणि रात्री जास्त हलतात. आई कामात असताना गप्प वाटतात, कारण चालताफिरताना तिचे लक्ष नसते. बाळ पोटात झोपतेही, पण एका वेळची झोप २० ते ४० मिनिटांची असते आणि ती दीड तासाच्या वर क्वचितच जाते. म्हणून ‘सकाळपासून झोपलंय’ हे मानण्यासारखे नाही. लाथ, कूस बदलणे, सरकणे, ढुशी हे सगळे हालचालीत धरतात. उचकी मात्र धरत नाहीत, ती आपोआप होते.

घरोघरी ऐकू येणारे एक वाक्य इथे ठामपणे खोडून काढले पाहिजे: ‘दिवस भरत आले, जागा पुरत नाही, आता बाळ कमीच हलणार.’ जागा कमी झाली की हालचालीची तऱ्हा बदलते, जोरदार लाथेऐवजी सरकणे आणि ढुशा वाढतात, पण हालचाल कमी होत नाही. कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येही बाळ हलत राहते. हे वाक्य प्रेमापोटी, धीर द्यायला म्हटले जाते, आणि त्यामुळेच त्यावर विश्वास ठेवून दवाखान्यात जायला उशीर होतो.

हालचाल मंदावण्यामागे काळजीचे कारण असते ते असे. वारेतून रक्तपुरवठा अपुरा पडू लागला की बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो. मग ते मेंदू आणि हृदयासाठी रक्त राखून ठेवते आणि हातापायांचा खर्च कमी करते. आईला जाणवतो तो हा काटकसरीचा परिणाम. वाढ खुंटलेले बाळ, कमी झालेले गर्भजल, आईचा वाढलेला रक्तदाब या गोष्टी बऱ्याचदा एकत्र आढळतात. सगळीच कारणे गंभीर नसतात. गुंगी आणणारी औषधे किंवा बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनेही एकदोन दिवस हालचाल मंद करतात. पण कोणते कारण आहे हे घरी बसून ठरवता येत नाही.

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या, ३३ आठवडे झालेल्या बाईचे उदाहरण घेऊ. तिचे बाळ रोज रात्री जेवणानंतर हमखास उसळते. एके दिवशी दुपारी तिच्या लक्षात येते की आदल्या रात्री ते नेहमीसारखे हलले नाही आणि सकाळपासूनही शांत आहे. आई म्हणते, साखरपाणी पी, थंड काहीतरी घे. तहानभूक असेल तर खावे-प्यावे, पण बाळाची परीक्षा म्हणून साखरपाण्याचा भरवसा धरता येत नाही. ती डाव्या कुशीवर निजते, टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवते आणि फक्त लक्ष देते. दोन तासांत निदान १० वेगवेगळ्या हालचाली जाणवायला हव्यात. तिला चार जाणवतात. अशा वेळी रात्रीची वाट पाहायची नसते, सकाळची तर नाहीच. अजिबात हालचाल नसेल तर हे दोन तासही मोजत बसू नयेत, थेट निघावे.

दवाखान्यात आधी बाळाचे ठोके ऐकतात. मग एनएसटी होते: पोटावर पट्टे बांधून किमान २० मिनिटे ठोक्यांचा आलेख काढतात. ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत, आणि बाळ हलले की ते काही सेकंद वर जावेत. या बाईचा आलेख सुरुवातीला सपाट येतो, म्हणून ४० मिनिटांपर्यंत वाढवतात. शेवटी दोनदा ठोके वर जातात. बाळ सध्या सावरून आहे एवढे त्यातून कळते. सोनोग्राफीत मात्र वजन आठवड्यांच्या मानाने कमी, पाणी कमी आणि डॉपलरमध्ये नाळेतल्या रक्तप्रवाहाला अडथळा दिसतो. तिला दाखल करून घेतात, स्टेरॉइड देतात, आलेख आणि डॉपलर पुन्हा पुन्हा पाहतात, आणि बाळंतपण कधी करायचे ते त्यावरून ठरते. ती संध्याकाळी निघाली म्हणून डॉक्टरांच्या हाती ही निवड राहते.

घरी वापरायचे ठोके ऐकण्याचे छोटे यंत्र या कामाचे नाही. ठोके ऐकू येतात म्हणजे बाळ त्या क्षणी जिवंत आहे, एवढेच त्यातून कळते. शिवाय आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा समजला जाऊ शकतो. सरकारी रुग्णालयात दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी मातृत्व तपासणी उपयोगाची आहे, पण कमी हालचालीसाठी त्या तारखेची वाट पाहू नये. वाहन नसेल तर महाराष्ट्रात १०८ किंवा १०२ वर रुग्णवाहिका मिळते. आशाताईंना फोन करावा, पण त्या येईपर्यंत थांबू नये. सोबत तपासणीचे कार्ड आणि जुने सोनोग्राफी रिपोर्ट घ्यावेत, आणि शेवटची नेहमीसारखी हालचाल कधी जाणवली ती वेळ सांगावी.

एकदाच हालचाल कमी वाटून तपासणीला आलेल्या बहुतेक बायकांचे पुढे सगळे सुरळीत होते. काही तासांत एनएसटी नीट येते आणि त्या घरी जातात. चार दिवसांनी पुन्हा तसेच वाटले, तर मात्र ‘परवाच तर बघितलं, आता काय म्हणतील’ या संकोचाने घरी बसणे योग्य नाही. परवाचा चांगला आलेख त्या दिवसापुरता असतो, आणि पुन्हा पुन्हा हालचाल कमी होणाऱ्या गरोदरपणात बाळाची वाढ खुंटण्याची आणि बाळ दगावण्याची जोखीम जास्त असते. म्हणून दुसऱ्या खेपेला एनएसटीबरोबर बाळाचे वजन, पाणी आणि डॉपलरची सोनोग्राफीही करून मागावी.