आधी मलम, मग सायकल : प्रौढ वयातील शिकणे आणि भीतीचा निबंध

पदवीच्या वर्गाला ‘भीती’ या विषयावर ललित निबंध लिहायला सांगितला, की बहुतेक वह्यांत अंधार, स्मशान आणि परीक्षा येते. ‘छातीत धडधडले’, ‘अंगावर काटा आला’ ही ठरलेली वाक्ये त्यामागून येतात. अशा वेळी चाळिशी-पन्नाशीत सायकल किंवा पोहणे शिकणाऱ्या माणसाचा विषय फार उपयोगी पडतो. येथे भीतीला नाव द्यावे लागत नाही. ती हातापायांत दिसते.

आपल्या हैदराबादच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी हिंदीच्या पाठ्यपुस्तकात सुदर्शन यांचा ‘साइकिल की सवारी’ हा विनोदी लेख वाचलेला असतो. त्यातील निवेदक संसारी गृहस्थ आहे. आपल्या मुलाला सायकल येते आणि आपल्याला येत नाही, हे त्याला खुपते. तो शिकायचे ठरवतो आणि पहिली तयारी म्हणून जुने कपडे दुरुस्त करून घेतो, जखमेसाठी जंबक मलमाच्या डब्या आणतो. मार्क ट्वेन यांनी १८८४च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिशीत, उंच चाकाची सायकल शिकून ‘टेमिंग द बायसिकल’ हा निबंध लिहिला; तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९१७मध्ये पुस्तकात आला. त्यातही सायकलीबरोबर जखमेवरच्या औषधाची खरेदी आहे, आणि तीही पिंपभर.

दोन भाषांतील या दोन लेखकांना एकच वस्तू सुचली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लहान मूल मलम घेऊन शिकायला जात नाही. पडल्यावर काय होते, हाड जुळायला किती दिवस लागतात, रजा किती जाते, हे प्रौढाला ठाऊक असते. मलमाची डबी म्हणजे हे ठाऊक असणेच होय. दोघांपैकी कोणालाही ‘मी घाबरलो होतो’ असे सांगत बसावे लागत नाही.

दुसरे साधन शरीराच्या उलट्या वागण्यात आहे. सायकल डावीकडे कलली, की नवशिका घाबरून हँडल उजवीकडे वळवतो आणि हमखास पडतो. हँडल पडण्याच्या दिशेनेच वळवले, तर चाके कललेल्या वजनाखाली येतात आणि तोल सावरतो. ट्वेन यांच्या निबंधाचा मोठा भाग याच नियमावर उभा आहे : बुद्धीला तो पटतो, पण हात ऐकत नाहीत. पोहण्यातही तसेच घडते. छातीत हवा असेल तर शरीर तरंगते. परंतु घाबरलेला माणूस डोके पाण्याबाहेर काढतो. त्या डोक्याचे ओझे बाकीच्या शरीरावर पडते आणि पाय खाली जातात. पाय खाली गेले, की तो डोके आणखी वर काढतो. म्हणजे जिवाच्या भीतीने केलेली हालचालच त्याला बुडवू लागते. निबंधकाराने हे ‘जीवनसागरा’चे रूपक करण्याआधी हालचाल नीट लिहावी.

वर्गात चर्चेसाठी घेता येईल असा एक कच्चा परिच्छेद पाहू. पन्नाशीतली स्त्री तलावावर पोहणे शिकते आहे : ‘पाण्यात उतरताना मला प्रचंड भीती वाटली. जणू मृत्यूच समोर उभा होता. पण मी हिंमत केली.’ आता याचेच दुसरे लेखन : ‘पाणी छातीपर्यंत होते. सर म्हणाले, कान बुडू द्या. मी हनुवटी बुडवली, ओठ बुडवले, कान काही बुडवले नाहीत. त्यांनी मानेखालचा हात काढला, तशी मी त्यांचे मनगट धरले. शेजारी सात-आठ वर्षांची मुले उड्या मारत होती. उभी राहिले असते तर पाणी छातीपर्यंतच होते. ते मला आठवले नाही.’

दुसऱ्या लेखनात ‘भीती’ हा शब्द नाही. शेवटच्या वाक्यात मात्र भीतीविषयी काही कळते : ठाऊक असलेली गोष्ट ती ऐन वेळी विसरायला लावते. शेजारची मुले शोभेसाठी आलेली नाहीत. प्रौढाला पडण्याइतकीच, लहानांदेखत पडण्याची धास्ती असते. सुदर्शन यांच्या लेखात मुलगा आहे तो याचसाठी.

या विषयात निबंध बहुधा शेवटी बिघडतो. सायकल येते, पोहणे जमते, आणि ‘भीतीवर मात केली’ असे लिहून लेखक मोकळा होतो. त्याने निबंध शिकण्याविषयीचा होतो, भीतीचा विषय सुटतो. पोहता येऊ लागल्यावरही ती स्त्री खोल भागाकडे वळताना कठड्यालगतचीच रांग धरत असेल, तर ते लिहावे.

लिहून झाल्यावर एक तपासणी करावी. मसुद्यातील ‘भीती’, ‘घाबरलो’, ‘धडधड’ हे शब्द खोडून परिच्छेद पुन्हा वाचावा. भीती तरीही जाणवत असेल, तर ते शब्द परत घालू नयेत. जाणवत नसेल, तर तो माणूस त्या क्षणी नेमका कशाला धरून होता, हे आठवून लिहावे.